तीन लाखांचं पॅकेज, मग हातात अठरा हजार कसे?

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई पेढे घेऊन आल्या. त्यांच्या मुलीला पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली, पॅकेज वर्षाला तीन लाख. लगेच कोणीतरी बोटांवर हिशेब केला, तीन लाख भागिले बारा, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. ताईंनी त्याच बैठकीत कर्जाचा अर्ज दिला, हप्ता सहा हजारांचा. मुलगीच भरणार होती तो.

मी म्हटलं, ताई, अर्ज राहू दे, आधी ते ऑफर लेटर आणा. त्याच्या शेवटच्या पानावर एक तक्ता असतो, तिथेच सगळं कळतं.

पत्रात 'सीटीसी' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पगार नव्हे. ही बाई कामाला ठेवली तर कंपनीला वर्षाचा एकूण किती खर्च येईल, तो आकडा. त्यातला काही पैसा दर महिन्याला येतो, काही वर्षाने येतो, आणि काही वेगळ्याच खात्यात जमा होतो.

त्या तक्त्यात पहिल्या दोन ओळी होत्या, बेसिक १२,५०० आणि घरभाडे भत्ता ७,५००. मिळून महिन्याला २०,०००, वर्षाचे २,४०,०००. हा पक्का पगार, फिक्स्ड म्हणतात तो.

त्याखाली कंपनी स्वतःकडून भरते त्या रकमा होत्या. पीएफचा कंपनीचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे महिन्याला १,५००. ईएसआय, म्हणजे दवाखान्याचा सरकारी विमा, त्याचे ६५०. ग्रॅच्युइटीचे ६००. वर्षाची बेरीज ३३,०००. यातलं काहीच महिन्याला बँकेत येत नाही. पीएफ मुलीच्याच नावावर साठतो, पण ग्रॅच्युइटी साधारणपणे सलग पाच वर्षं नोकरी झाल्यावरच मिळते. वर्षभरात नोकरी सोडली तर ते ७,२०० कागदावरच राहतात.

मग उरले २७,०००. त्यापुढे 'व्हेरिएबल' असं लिहिलं होतं. काम आणि कंपनीचा धंदा बघून देतात ती रक्कम, कमी मिळू शकते, कधी मिळतही नाही.

आता बेरीज करा. २,४०,००० अधिक ३३,००० अधिक २७,०००, बरोबर तीन लाख. इथवर पत्र खरं होतं.

आता या २०,००० मधूनही कपात होते. मुलीचा स्वतःचा पीएफ १,५००, आणि ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १५०. व्यवसाय कर महाराष्ट्रात बाईला महिन्याच्या २५,००० पगारापर्यंत लागत नाही, म्हणून तो शून्य. (मुलाचं पत्र असतं तर महिन्याला दोनशे रुपये धरावे लागले असते.) राहिले १८,३५०.

पण पत्रात 'इन हँड' म्हणून लिहिलं होतं २०,६००! मी आणि ताईंची मुलगी दोनदा बेरीज करून बसलो. फरक २,२५० चा. मग तिच्याच लक्षात आलं, २७,००० भागिले बारा म्हणजे २,२५०. व्हेरिएबलचे बारा तुकडे करून महिन्याच्या रकान्यात टाकले होते, आणि खालच्या ओळीत बारीक अक्षरात होतं की ती रक्कम वर्षअखेरीस मिळेल. महिन्याच्या रकान्याची बेरीज २५,००० जुळत होती, म्हणून कोणालाच शंका आली नव्हती.

तुम्हालाही असं तपासायचं असेल, तर हातात येणारा आकडा बाराने गुणा. १८,३५० गुणिले १२ म्हणजे २,२०,२००. त्यात मुलीची कपात १९,८०० मिळवा, म्हणजे पक्का पगार २,४०,००० परत यायला हवा. रक्कम जास्त निघाली तर व्हेरिएबल आत शिरलं असण्याची शक्यता जास्त. कमी निघाली तर कंपनीचा पीएफ मुलीच्या पगारातून दुसऱ्यांदा कापलाय का ते बघा. कपातीत पीएफ १,५०० ऐवजी ३,००० दिसला की ओळखायचं.

मुलीने कंपनीला ईमेल केला. भांडली नाही, फक्त तीन प्रश्न विचारले. व्हेरिएबल कधी मिळतं, कशावर ठरतं, आणि वर्षाच्या मध्ये रुजू झालं तर पहिल्या वर्षी किती? उत्तर आलं की मार्चनंतर मिळतं, आणि जितके महिने काम तितक्याच प्रमाणात. तोंडी सांगितलं असतं तर ते धरलं नसतं, म्हणून लेखीच मागायचं.

वसतिगृह आणि मेस मिळून तिचे ११,००० जाणार होते, येण्याजाण्याला आणि वरखर्चाला तीन हजार. अठरा हजार साडेतीनशेतून उरतात ४,३५०. सहा हजारांचा हप्ता बसलाच नसता. ताईंनी अर्ज परत घेतला, रक्कम कमी केली, आणि साडेतीन हजारांच्या हप्त्याने पुन्हा दिला. गटाने तो मंजूर केला. मुलगी रुजू झाली, पहिला पगार १८,३५० च आला.