‘तारीख’ इंग्रजीत कशी लिहाल?

भाच्याने घरखर्चाचं ॲप तयार केलं तेव्हा नाव सोडून त्याच्याकडे सगळं होतं. दूध, पेपर, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, कामाच्या मावशींचा पगार, किराणा, सगळ्याच्या नोंदी करायच्या आणि महिना संपला की कुठे किती गेले ते बघायचं. माझी हयात जाहिरातींची कॉपी लिहिण्यात गेलेली, म्हणून त्याने चाळीस नावांची यादी मला पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मामा, ज्यांचं .com मोकळं आहे ती हिरवी केली आहेत.’

हिरवी नावं वाचली आणि काय घोटाळा झालाय ते कळलं. कुणाचे स्वर गाळलेले, कुणाच्या शेपटीला ly नाहीतर fy चिकटवलेलं. एकही नाव मला दुसऱ्या झटक्यात नीट म्हणता आलं नाही. ती मोकळी राहिली, कारण ती कुणाला नको होती.

डोमेनच्या टंचाईचा अंदाज साध्या गुणाकाराने येतो. इंग्रजी अक्षरं सव्वीस. चार अक्षरांच्या जुळण्या होतात चार लाख छपन्न हजार नऊशे शहात्तर. त्यातली प्रत्येक, अगदी निरर्थकसुद्धा, २०१३ संपेपर्यंत .com मध्ये कुणीतरी घेतलेली होती. यादीत ‘वही’ होतं. सुंदर शब्द, पण vahi म्हणजे चार अक्षरं, त्यामुळे शोधायचीही गरज नव्हती. त्यातून हिंदी माणूस ते ‘वही’ म्हणजे ‘तेच’ असं वाचणार. भाचा म्हणाला, “पण मामा, यातल्या कितीतरी पत्त्यांवर वेबसाइटच उघडत नाही.” उघडत नाही म्हणजे रिकामा आहे असं नसतं. प्लॉट कुणाच्यातरी नावावर असतो, फक्त बांधकाम नसतं. मालकी बघायची ती हू-इज नावाच्या नोंदीत. पुष्कळदा तिथे असा मालक निघतो जो भाव येईपर्यंत वाट बघत बसलेला असतो.

पैसे असले तर असा मालक पटवता येतो. अमेरिकेत ॲरन पॅट्झरने २००७ साली ‘मिंट’ ही घरच्या पैशांचा हिशेब ठेवणारी सेवा सुरू केली. मिंट म्हणजे टांकसाळही आणि पुदिनाही. एका अक्षरगटात पैसा आणि ताजेपणा दोन्ही. mint.com दुसऱ्याच्या ताब्यात होतं, ते त्याने कंपनीतला हिस्सा देऊन मिळवलं. दोन वर्षांनी इंट्युइटने ही कंपनी १७ कोटी डॉलरला घेतली, आणि २०२४ मध्ये ती सेवा बंदही झाली. भाच्याकडे द्यायला हिस्सा होता, पण तो हवा असणारं कुणी नव्हतं.

मग आम्ही यादी बाजूला ठेवली आणि सगळ्यात सरळ नाव घेतलं: ‘घरखर्च’. अर्थ विचारायची सोय नाही, इतकं स्वच्छ. मी पाच जणांना फोन केले. “ॲपचं नाव घरखर्च आहे, इंग्रजी अक्षरांत टाइप करून मला पाठवा,” एवढंच सांगितलं. ताईने gharkharch पाठवलं. नागपूरच्या आत्याने gharkharcha. ठाण्याच्या मित्राने gharkharach. बेळगावहून ghar kharch आलं, मध्ये जागा सोडून. पाचव्याने ghrkhrch लिहिलं आणि पुढे हसरा चेहरा टाकला.

मराठी नावाची खरी अडचण इथे आहे. नाव कानाला मराठीत पडतं आणि बोटांनी रोमनमध्ये लिहायचं असतं. शाळेत आपल्याला शुद्धलेखन शिकवलं ते देवनागरीचं. रोमनमधली मराठी आपण व्हॉट्सॲपवर जमेल तशी शिकलो. शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण बोलत नाही, तो लिहायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. दीर्घ ‘ई’साठी कुणी i लिहितो, कुणी ee. ‘व’ला v की w, यावर एका घरात दोन मतं असतात. ‘हिशेब’ घ्यावा तर मुळात मराठीतच हिशेब आणि हिशोब दोन्ही चालतात, आणि हिंदीवाला तिसरं ‘हिसाब’ घेऊन येतो. स्टोअरमध्ये शोधताना अशी चूक बऱ्याचदा खपून जाते, कारण तिथलं यंत्र अंदाजाने जवळचं नाव दाखवतं. डोमेनला अंदाज नसतो. एक a जास्त पडला की माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

देवनागरीतच पत्ता का घेऊ नये, असं मनात येईल. .भारत हा शेवट २०१४ पासून मिळतो. पण इंटरनेटच्या पोटात तो xn--h2brj9c असा साठवलेला असतो, आणि एखाद्या फॉर्मने किंवा जुन्या ईमेल-व्यवस्थेने तोच अवतार दाखवला की साधा माणूस फसवणुकीची लिंक समजून मागे फिरतो. पैशांच्या ॲपला हे परवडत नाही. जोडीला म्हणून तो पत्ता जरूर घ्यावा, एकट्याच्या भरवशावर राहू नये.

‘घरखर्च’ची दुसरी उणीव कायद्यातली. ट्रेडमार्कच्या १९९९ च्या कायद्यात नववं कलम आहे. मालाचं निव्वळ वर्णन करणारा शब्द एकट्याच्या मालकीचा सहसा होऊ शकत नाही. फोनपेने भारतपेच्या कंपनीविरुद्ध ‘पे’वरून दावा केला होता. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. ‘पे’ म्हणजे ‘पैसे देणे’ या इंग्रजी शब्दाचंच वेगळं स्पेलिंग, त्यावर एकट्याला हक्क सांगता येणार नाही, असं त्याचं थोडक्यात म्हणणं होतं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर उद्या शेजारी कुणी ‘घरखर्च प्लस’ काढलं की भाचा काय करणार?

वर्णन नको म्हटल्यावर आम्ही उपमांकडे वळलो. आधी ‘डबा’, कारण आमच्या घरी वरखर्चाचे पैसे तूरडाळीच्या डब्यात असायचे. पण ‘डबा’ शोधणाऱ्याला दुपारचं जेवण हवं असतं. मग ‘बटवा’. दोघंही खूश. ताईला फोन लावला. ती म्हणाली, “औषधांचं आहे का रे? आजीबाईचा बटवा?” झालं. शिवाय batwa शोधलं की मध्य आफ्रिकेतल्या बट्वा लोकांची माहिती समोर येते, आणि w की v हा वाद होताच.

त्या रात्री भाच्याला ‘पैपै’ सुचलं. पै न् पैचा हिशेब. paipai, सहा अक्षरं, म्हणायला गोड, आणि ‘पै’ लिहायला अवघड नाही, कारण पै आडनावाची माणसं सगळ्यांच्या ओळखीची. मला ते इतकं आवडलं की मी चिन्हाचा कच्चा आराखडाही काढला. सकाळी कागद पुन्हा समोर घेतला आणि दोन नावं एकाखाली एक लिहिली.

```
paipai
paypal
```

सहापैकी चार अक्षरं जागच्या जागी तीच. शेवटचा i आणि l तर लहान पडद्यावर डोळे ताणून बघावे लागतात. आणि धंदाही पैशांचाच. ट्रेडमार्कच्या नोंदणीत सॉफ्टवेअर नवव्या वर्गात येतं आणि पैशांच्या सेवा छत्तिसाव्या. साम्य बघताना नाव, उच्चार आणि वर्ग एकत्र तोलतात. याच पेपालने २०१६ मध्ये पेटीएमच्या बोधचिन्हाला निळ्या रंगछटांवरून भारतात हरकत घेतली होती. रंगावरून जो अडतो तो चार अक्षरं सोडेल का? नाव गेलं. मला अजून त्याची हळहळ आहे.

‘एक तारीख’ ताईच्या तोंडून आलं, तेही ॲपबद्दल बोलताना नाही. “एक तारखेला सगळेच दारात येतात,” ती दूधवाल्याबद्दल म्हणाली. भाच्याने माझ्याकडे बघितलं. पगार, भाडं, हप्ते, शिकवणीची फी, सगळं त्या दिवसाभोवती फिरतं. शब्द रोजचे, पण हिशेबाचं थेट वर्णन नाही, त्यामुळे नोंदणीला ‘घरखर्च’पेक्षा बरे. पुन्हा पाच फोन. तिघांनी ektarikh लिहिलं, एकाने ektareekh, एकाने 1tarikh. आकडा कुणी लिहील हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण ‘एक तारीख’ वाचून हे कॅलेंडर आहे असं कुणी समजलं तर? प्ले स्टोअर आणि ॲप स्टोअर दोन्हीकडे नावाला तीसच अक्षरांची जागा असते, पण चिन्हाखाली दिसणारं नाव आणि स्टोअरमधलं नाव अक्षरशः एक असावं लागत नाही. म्हणून चिन्हाखाली ‘एक तारीख’, आणि स्टोअरमध्ये ‘एक तारीख: घरखर्चाची वही’. देवनागरीत मोजताना सावध राहावं लागतं. आपल्याला ‘र्चा’ हे एक अक्षर दिसतं, संगणक त्यात र, हलन्त, च आणि काना असे चार मोजतो. तशा मोजणीने आमचं पूर्ण नाव तेवीसात बसलं. अर्थ सांगायचं ओझं ‘घरखर्चाची वही’ने उचललं, म्हणून पुढचा शब्द मोकळा राहिला. टाकून दिलेली दोन्ही नावं अशी परत कामाला आली, याचं मला जास्त समाधान आहे.

.com चा हट्ट भाच्याने तेव्हाच सोडला. अशा ॲपपर्यंत लोक पोचतात ते स्टोअरमधून किंवा कुणी पाठवलेल्या लिंकवरून. वेबसाइट लागते ती गोपनीयतेचं धोरण मांडायला, कारण स्टोअर त्याची लिंक मागतं, आणि तक्रारीसाठी एक सरळ ईमेल द्यायला. त्यासाठी .in पुरतं. फक्त दोन्ही स्पेलिंगं घ्यायची आणि चुकलेल्या पत्त्यावरून बरोबर पत्त्यावर आपोआप वळवायचं, असं ठरलं. ट्रेडमार्कचा अर्ज नवव्या वर्गात, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन साडेचार हजार रुपये. छत्तिसावा वर्ग पुढे बघू.

डोमेनचे पैसे भरल्यावर भाच्याने मोठ्या थाटात ती पहिली खरी नोंद आपल्या ॲपमध्ये करायला घेतली. मी म्हटलं, “हे दरवर्षी भरावे लागणार, आणि पहिल्या वर्षीचा भाव पुढे राहील असं नाही. विसरलास तर आधी थोडी सवलतीची मुदत, मग जबर दंड, आणि मग नाव दुसऱ्याचं. आठवण लावून ठेव.”

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. ॲपमध्ये ‘दररोज’ होतं, ‘दरमहा’ होतं. ‘दरवर्षी’ ठेवायचं राहिलं होतं.