चोवीस फ्रेम, आठ चित्रे

१ जानेवारी १९६३ रोजी जपानच्या फुजी टीव्हीवर एका कृष्णधवल मालिकेचा पहिला भाग दाखवला गेला. तिचा नायक होता ओसामू तेझुका यांच्या कॉमिकमधला यंत्रमानव मुलगा, जो पुढे ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ या नावाने जगभर ओळखला गेला. मालिका अर्ध्या तासाची होती आणि दर आठवड्याला नवा भाग द्यायचा होता. एवढी चित्रे हाताने काढायची कुणी आणि कधी, हा प्रश्न तेझुकांच्या मुशी प्रॉडक्शनपुढे पहिल्या दिवसापासून होता. त्यांनी त्यावर जी उत्तरे वापरली, त्यांवर जपानी टीव्ही अ‍ॅनिमेशन आजही उभे आहे.

आधी हिशेब पाहू. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या गतीने धावते. प्रत्येक फ्रेमसाठी नवे चित्र काढले, तर त्याला ‘ऑन वन्स’ म्हणतात. एकच चित्र दोन फ्रेम ठेवले तर ‘ऑन टूज’, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. तीन फ्रेम ठेवले तर ‘ऑन थ्रीज’, म्हणजे सेकंदाला आठच. यात फिल्मची गती कमी होत नाही. ती २४च राहते, फक्त चित्र बदलण्याचे प्रसंग कमी होतात. डिस्नेच्या मोठ्या चित्रपटांतही बराच भाग टूजवर आहे. वेगवान हालचालींसाठी आणि जिथे गरज भासेल तिथे वन्स वापरले जात.

तरीही नुसत्या थ्रीजने भागत नाही. पंचवीस मिनिटांच्या भागात ३६ हजार फ्रेम येतात. सगळे थ्रीजवर काढले तरी १२ हजार चित्रे लागतात, आणि छोट्या चमूला आठवड्याला एवढी चित्रे काढणे अशक्य आहे. खरी बचत होते ती ‘होल्ड’मुळे. होल्ड म्हणजे एकच चित्र वीस, तीस, कधी साठ फ्रेम तसेच ठेवणे. आणि इथेच कसब लागते, कारण थांबलेले चित्र चुकीच्या जागी आले की पात्र एकदम पुठ्ठ्याचे वाटू लागते.

एक शॉट घेऊ. मुलगा टेबलाशी वाचत बसलाय, दारावर टकटक होते आणि तो मान वळवून पाहतो. शॉट तीन सेकंदांचा, म्हणजे ७२ फ्रेम. वन्सवर ७२ चित्रे लागतील, टूजवर ३६. आता अ‍ॅनिमेटर टाइमशीट पुढे घेतो. कोणते चित्र कोणत्या फ्रेमपासून कोणत्या फ्रेमपर्यंत राहील, हे या तक्त्यात लिहिलेले असते.

पहिले चित्र वाचणाऱ्या मुलाचे. ते १ ते २० फ्रेमपर्यंत ठेवले. टकटक ऐकू येते तेव्हा डोके आधी किंचित उलट दिशेने खाली झुकते. त्यासाठी दोन चित्रे : एक दोन फ्रेमचे आणि पूर्ण झुकलेले दुसरे चार फ्रेमचे. ही पूर्वतयारी दिसली की प्रेक्षकाला पुढे काहीतरी होणार हे कळते. मग मान झपकन वळते. मधली दोन चित्रे फक्त दोन-दोन फ्रेम राहतात आणि त्यांच्यात अंतर बरेच असते. डोके थांबायच्या जागेच्या थोडे पुढे जाते, ते सहावे चित्र, तीन फ्रेमचे. सातव्यात ते मागे येऊ लागते, पुन्हा तीन फ्रेम. आठव्या चित्रात मुलगा दाराकडे पाहत स्थिरावतो आणि ते चित्र ३७ ते ७२ असे पूर्ण ३६ फ्रेम राहते.

एकूण आठ चित्रे. या शॉटमध्ये ५६ फ्रेम मुलगा स्थिर आहे, तरी तो वळला ते ठसठशीत दिसते. याचे कारण अंतरांत आहे. मधली दोन चित्रे एकमेकांपासून दूर आहेत म्हणून वेग जाणवतो. शेवटची चित्रे जवळजवळ आहेत म्हणून मान स्वतःच्या वजनाने थांबल्यासारखी वाटते. हीच आठ चित्रे समान अंतरांवर आणि समान वेळ ठेवली, तर चित्रसंख्या तीच राहूनही मान दरवाजाच्या बिजागरीसारखी फिरेल. चैतन्य चित्रांच्या संख्येतून येत नाही. दोन चित्रांत किती अंतर आहे आणि प्रत्येक चित्र किती वेळ टिकते, यावर ते ठरते.

आता उरला तो ३६ फ्रेमचा शेवटचा होल्ड. दीड सेकंद काहीच हलले नाही, तर डोळ्याला ते लगेच खटकते. म्हणून केस, डोळे आणि तोंड वेगवेगळ्या पारदर्शक पत्र्यांवर, म्हणजे सेलवर काढतात. डोके थांबल्यावर केस मागून येऊन थांबतात. त्यांची तीन चित्रे थ्रीजवर टाकली की नऊ फ्रेम निघतात. पुढे मध्येच पापणी लवते : अर्धी मिटलेली आणि पूर्ण मिटलेली अशी दोन चित्रे. शरीर तेच, पण पात्र विचार करतेय असे वाटते. मुलगा बोलणार असेल, तर तोंडाच्या मिटलेल्या, अर्धवट आणि पूर्ण उघड्या अशा तीन चित्रांवर कितीतरी वाक्ये निघतात.

या पद्धतीच्या मर्यादा दोन ठिकाणी उघड्या पडतात. पहिली, कॅमेरा सरकत असतो तेव्हा. समजा, पात्र टूजवर चालतेय आणि पार्श्वभूमी दर फ्रेमला सरकतेय. एका फ्रेममध्ये पाऊल जमिनीवर बरोबर बसते. पुढच्या फ्रेममध्ये जमीन सरकते, पाऊल मात्र तिथेच असते. त्यामुळे पाय थरथरताना किंवा घसरताना दिसतो. उपाय दोन : चाल वन्सवर काढावी किंवा पार्श्वभूमीही टूजवर सरकवावी. दुसरी, संथ आणि एकसारख्या हालचालीत. हळूहळू वर उचललेला हात थ्रीजवर टाकला की तो अडखळतो, कारण तिथे वेग बदलत नाही आणि प्रत्येक थांबा मोजता येतो. अतिवेगातही धोका आहे. दोन चित्रांतल्या आकृत्या एकमेकींवर जराही येत नसतील, तर हात उडी मारून गेल्यासारखा दिसतो. तिथे एक-दोन चित्रे वन्सवर घालतात किंवा मधले एक चित्र मुद्दाम ताणून, फाकवून काढतात. ते वेगळे पाहिले तर विद्रूप दिसते, पण पडद्यावर धावताना दोन टोके जोडून देते.

चित्रांची ही गती पात्राच्या स्वभावाबद्दलही बोलू शकते. २०१८ च्या ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’मध्ये जंगलातल्या झोक्यांच्या प्रसंगात अनुभवी पीटर वन्सवर हलतो, तर नवखा माइल्स टूजवर. एकाच फ्रेममध्ये शेजारी-शेजारी असूनही माइल्सची हालचाल तुटक आणि पीटरची सराईत वाटते. इथे संगणक दोघांनाही वन्सवर हलवू शकत होता. कमी चित्रे ठेवणे हा श्रमाचा नव्हे, अभिनयाचा निर्णय होता.

हे स्वतः तपासायचे असेल, तर यूट्यूबवर एखादा अ‍ॅनिमेशनचा प्रसंग थांबवा आणि कीबोर्डवरची `.` ही कळ एकेकदा दाबा. एकेक फ्रेम पुढे जाईल, `,` ने मागे येईल. एकच चित्र किती दाबांनंतर बदलते ते मोजा. काही व्हिडिओ दुसऱ्या फ्रेम-गतीत बदललेले असतात, म्हणून मोजणी एखाद्या फ्रेमने चुकू शकते. मग चित्र कधी बदलले यापेक्षा ते किती दूर सरकले, ते पाहा. चांगल्या प्रसंगात ही अंतरे सारखी नसतात, आणि सर्वांत मोठे अंतर नेमके कुठे ठेवले आहे यावरून अ‍ॅनिमेटरने जोर कशावर दिला, ते कळते.