पोलीस पडताळणीनंतर अडलेली पासपोर्टची फाईल आणि कार्यालयाला लिहायचे पत्र

पासपोर्टसाठी सेवा केंद्रात कागदपत्रे तपासून झाली, पोलीस येऊन गेले, शेजाऱ्यांच्या सह्याही झाल्या, आणि तरीही पासपोर्ट येत नाही. अशा वेळी अर्जदार बहुतेकदा क्षेत्रीय पासपोर्ट कार्यालयाला ‘कृपया लवकर निर्णय घ्यावा’ अशी दोन ओळींची विनंती पाठवतो. त्या पत्राने क्वचितच काही हलते, कारण फाईल कुठे आणि कशासाठी थांबली आहे हे त्यात नसते. कामाचे पत्र लिहायचे तर पोलीस येऊन गेल्यावर फाईलचे काय होते हे आधी समजून घ्यावे लागते.

पोलीस पडताळणी झाली म्हणजे अहवाल पासपोर्ट कार्यालयात पोहोचला असे नाही. ग्रामीण भागात पोलीस ठाण्यातील अंमलदार घरी येतो किंवा अर्जदाराला ठाण्यात बोलावतो, कागद पाहतो आणि आपला अहवाल वर पाठवतो. तो जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयातील पासपोर्टचे काम पाहणाऱ्या शाखेत जातो. शहरात हेच काम पोलीस आयुक्तालयातील शाखेकडे असते. तिथून शिफारशीसह अहवाल पासपोर्ट कार्यालयाकडे जातो. ठाण्यातून ‘आमच्याकडून गेले’ असे सांगितले जाते तेव्हा फाईल या दुसऱ्या टप्प्यावर असण्याची शक्यता बरीच असते. त्या स्थितीत पासपोर्ट कार्यालयाला कितीही पत्रे लिहिली तरी उपयोग नसतो, कारण अहवाल त्यांच्या हातात आलेलाच नसतो. विचारपूस अधीक्षक कार्यालयातच करावी लागते.

फाईल कुठे आहे हे पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर फाईल क्रमांक आणि जन्मतारीख टाकून कळते. सेवा केंद्रातून बाहेर पडताना मिळालेल्या पोचपावतीवर हा क्रमांक असतो. पुणे कार्यालयाच्या फाईलचा क्रमांक PN या अक्षरांनी सुरू होतो. पडताळणी अजून पोलिसांकडे असल्याचे दिसले तर वाट अधीक्षक कार्यालयाकडे जाते. अहवाल मिळाला असून अर्ज क्षेत्रीय कार्यालयात तपासणीखाली असल्याचे दिसले, तरच पासपोर्ट कार्यालयाला पत्र लिहिण्यात अर्थ आहे.

मिळालेला अहवाल एकतर स्वच्छ असतो, नाहीतर प्रतिकूल किंवा अपुरा. स्वच्छ अहवालाची फाईल सहसा आपोआप छपाईकडे सरकते. तरीही ती थांबली तर अडचण बहुधा पोलिसांची नसते. जुन्या पासपोर्टचा तपशील जुळत नसतो, आधीची एखादी अर्धवट फाईल बंद झालेली नसते किंवा एखादा दाखला ज्या कार्यालयाने दिला त्याच्याकडून खात्री करून घेणे बाकी असते. अपुऱ्या अहवालाचे नेहमीचे कारण म्हणजे अर्जदार पत्त्यावर सापडला नाही किंवा बोलावल्यावर आला नाही. प्रतिकूल अहवालामागे बहुतेकदा एखाद्या गुन्ह्याची नोंद असते. अशा अहवालांत कार्यालय अर्जदाराला खुलासा मागणारे पत्र पाठवते. ते पत्र जुन्या पत्त्यावर गेले किंवा ई-मेल उघडलाच गेला नाही, तर फाईल पडून राहते आणि दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत बसतात. म्हणून ‘लवकर करा’ म्हणण्याआधी कार्यालयाने काही मागितले आहे का, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. १८००-२५८-१८०० या निःशुल्क क्रमांकावर फाईल क्रमांक सांगून ते विचारता येते.

गुन्ह्याच्या नोंदीबाबत लोकांत भीती फार आणि माहिती कमी आहे. पासपोर्ट अधिनियम १९६७ च्या कलम ६(२) मध्ये पासपोर्ट नाकारण्याची कारणे दिली आहेत. त्यातले उपकलम (फ) फौजदारी न्यायालयापुढे प्रलंबित असलेल्या कारवाईबद्दल आहे. परराष्ट्र मंत्रालयाने १० ऑक्टोबर २०१९ च्या ज्ञापनात स्पष्ट केले की नुसता एफआयआर दाखल असणे किंवा तपास चालू असणे या उपकलमात येत नाही. न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतलेली असावी लागते. खटला खरोखर चालू असेल तरी मार्ग बंद होत नाही. २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्या न्यायालयाची परदेशी जाण्याची परवानगी आणली तर मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळतो. आणि खटला निकाली निघून अर्जदार निर्दोष सुटला असेल, तर त्या खटल्यापुरते हे कारण उरत नाही. तरीही पोलिसांच्या नोंदीत एफआयआर आणि दोषारोपपत्र दिसते, पण निकाल चढलेला नसतो, आणि त्यावरून प्रतिकूल अहवाल जातो.

समजा, सातारा जिल्ह्यातील एका तरुणावर २०१७ साली शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीचा गुन्हा नोंदला गेला. दोषारोपपत्र गेले, खटला चालला आणि २०२१ मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी त्याला निर्दोष सोडले. आता दुबईतल्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून त्याने पुणे कार्यालयाकडे अर्ज केला. आपल्यावर खटला प्रलंबित नाही, असे अर्जात त्याने खरेच लिहिले. पोलीस येऊन गेले. पुढचे अनेक दिवस फाईल तपासणीखालीच दिसत राहिली, आणि चौकशी केल्यावर अहवाल प्रतिकूल असल्याचे कळले.

त्याने पत्राआधी न्यायालयातून निकालपत्राची प्रमाणित नक्कल काढायला हवी. वकिलाकडच्या साध्या झेरॉक्सवर अधिकारी सहसा निर्णय घेत नाही. ई-कोर्टच्या संकेतस्थळावरील खटल्याची स्थिती छापून सोबत जोडली आणि पत्रात सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक दिला, तर अधिकाऱ्याला ते स्वतः तपासून पाहता येते. निकालाविरुद्ध अपील झाले आहे की नाही, हेही लिहावे. तो प्रश्न येणारच असतो, आणि त्याचे उत्तर आधीच दिलेले असले तर पत्रव्यवहाराची एक फेरी वाचते.

पत्राचा मजकूर साधारण असा होईल:

‘प्रति, क्षेत्रीय पासपोर्ट अधिकारी, पुणे.

विषय : फाईल क्रमांक (…) – पोलीस अहवालातील नोंदीबाबत खुलासा व पुनर्पडताळणीची विनंती.

महोदय, मी (…) रोजी सेवा केंद्रात अर्ज सादर केला. पोलीस पडताळणी (…) रोजी झाली असून सध्या फाईल आपल्या कार्यालयात तपासणीखाली आहे. अहवालात (…) पोलीस ठाण्यातील गु. र. नं. (…)/२०१७ चा उल्लेख असल्याचे समजले. या प्रकरणातील फौजदारी खटला क्र. (…), सीएनआर क्र. (…), दि. (…) रोजी निकाली निघाला असून मी निर्दोष मुक्त झालो आहे. निकालाविरुद्ध अपील झालेले नाही. माझ्याविरुद्ध अन्य कोणतेही प्रकरण प्रलंबित नाही. निकालपत्राची प्रमाणित नक्कल व खटल्याच्या स्थितीची प्रत सोबत जोडली आहे. कृपया ती विचारात घेऊन निर्णय व्हावा. आवश्यक वाटल्यास पोलिसांकडून नव्याने अहवाल मागवावा. मला (…) या तारखेपर्यंत नोकरीवर रुजू व्हायचे असून नियुक्तिपत्राची प्रत जोडली आहे. आणखी कागद हवे असल्यास खालील दूरध्वनी व ई-मेलवर कळवावे.’

हे पत्र एका पानात बसते, आणि बसायलाच हवे. अधिकाऱ्यासमोर फायलींचा ढीग असतो. विषयाच्या ओळीत फाईल क्रमांक आणि नेमकी मागणी असली तर पत्र योग्य फाईलला लागते. नियुक्तिपत्र, प्रवेशपत्र किंवा व्हिसाच्या मुलाखतीची तारीख जोडल्याने तातडीला पुरावा मिळतो. मात्र तातडी स्वच्छ अहवालाची जागा घेत नाही. ती फक्त फाईल आधी पाहिली जावी एवढ्यासाठी असते, म्हणून तिचा उल्लेख शेवटी आणि एका वाक्यात पुरतो. पोलिसांनी पैसे मागितले असतील तर ती तक्रार गंभीर आहे आणि ती करावीच, पण लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, वेगळ्या कागदावर. ती या पत्रात मिसळली की मूळ मागणी मागे पडते.

पत्र मराठीत लिहिता येते का, ही शंका नेहमी येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणे मांडणारे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. तथापि हे केंद्र सरकारचे कार्यालय असल्याने तिथला अधिकारी मराठी वाचणारा असेलच असे नाही. तालुक्याच्या न्यायालयातील निकालपत्र मराठीत असेल तर त्यातील निकालाच्या भागाचे इंग्रजी भाषांतर सोबत देणे सोयीचे ठरते. हक्क मराठीचा आहेच, पण इथे प्रश्न वेळेचा असतो.

पत्र प्रत्यक्ष दिले तर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख असलेली पोच आपल्या प्रतीवर घ्यावी; टपालाने पाठवायचे तर स्पीड पोस्टने. क्षेत्रीय कार्यालयात चौकशीसाठी संकेतस्थळावरून वेळ घेता येते. समोरासमोर कागद दाखवण्याचा हा मार्ग पत्रापेक्षा अनेकदा लवकर काम करतो, म्हणून शक्य असेल तर पत्र घेऊनच त्या भेटीला जावे. याच पत्राची आणि निकालपत्राची एक प्रत अधीक्षक कार्यालयातील पासपोर्ट शाखेत देणे फार गरजेचे आहे. पासपोर्ट कार्यालयाने पुनर्पडताळणी मागवली आणि पोलिसांच्या नोंदीत निकाल चढलेलाच नसला, तर दुसरा अहवालही पहिल्यासारखाच येईल. सातारच्या तरुणाने पुण्याच्या खेपेआधी हे काम केले तर त्याचा बराच वेळ वाचेल.

अहवाल ‘पत्त्यावर आढळला नाही’ असा असेल तर पत्राचा ढाचा तोच राहतो, पुरावे बदलतात. त्या काळात अर्जदार कुठे होता हे सांगायचे, चालू पत्त्याचे वीजबिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार जोडायचा आणि पुनर्पडताळणी मागायची. पत्ता खरोखरच बदलला असेल तर ते लपवू नये. पुढे काय करायचे हे कार्यालयालाच विचारावे. अर्जात खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे हा कलम १२ खाली गुन्हा आहे.

पत्राला उत्तर आले नाही तर संकेतस्थळावरील तक्रार विभागात आणि केंद्र सरकारच्या pgportal.gov.in या तक्रार संकेतस्थळावर पोच जोडून तक्रार नोंदवता येते. त्यापुढचा उपाय माहिती अधिकाराचा. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करायचा आणि दोनच प्रश्न विचारायचे: पोलीस अहवाल कोणत्या तारखेला मिळाला, आणि त्यानंतर फाईलवर कोणी, कधी, काय कारवाई केली. उत्तरासाठी साधारण तीस दिवसांची मुदत असते. बरेचदा हे उत्तर तयार करण्यासाठीच फाईल उघडली जाते.

फाईल प्रलंबित असणे म्हणजे पासपोर्ट नाकारणे नव्हे, हा फरकही लक्षात ठेवावा लागतो. पासपोर्ट नाकारला तर कलम ५(३) नुसार कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यावर त्यांची प्रत अर्जदाराला द्यावी लागते. अपवाद देशाची सुरक्षितता, सार्वजनिक हित अशा कारणांचा. त्या आदेशाविरुद्ध कलम ११ खाली अपील करता येते. फाईल नुसती पडून असेल तर अपील करायला आदेशच नसतो. म्हणून खुलासा देऊन झाल्यावरही हालचाल नसेल, तर पुढच्या पत्रात वेगाची विनंती न करता ‘माझ्या अर्जावर लेखी निर्णय द्यावा’ अशी मागणी करावी. ते पत्र पोचीसह जपून ठेवावे, कारण उच्च न्यायालयात जाण्याची वेळ आलीच तर वकील सर्वांत आधी तेच मागतो.