सॉफ्टवेअर टाकण्यास परवानगी मिळण्याबाबत

कार्यालयाच्या लॅपटॉपवर डिझाइनचे एखादे सॉफ्टवेअर टाकायला गेले, की बहुतेक वेळा पडदा काळवंडतो आणि अ‍ॅडमिनचे नाव व पासवर्ड मागणारी चौकट समोर येते. तो पासवर्ड कर्मचाऱ्याजवळ नसतो, आयटी विभागाजवळ असतो. मग आयटीला एक मेल लिहावा लागतो. मेल दहा-बारा ओळींचाच असतो, पण त्यात काय लिहिले आहे यावर काम त्याच दिवशी होते की आठवडाभर प्रश्नोत्तरे चालतात हे ठरते.

चौकट येण्याचे कारण आधी पाहू. विंडोजमध्ये साधे खाते आणि अ‍ॅडमिन खाते असे दोन प्रकार असतात. साध्या खात्यातून चालणारा प्रोग्रॅम सहसा त्या माणसाच्या फायलींपुरताच हात घालू शकतो. अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवलेला इन्स्टॉलर मात्र पूर्ण यंत्रणेत बदल करू शकतो. लॅपटॉप सुरू होताच आपोआप चालणारी सेवा तो बसवू शकतो आणि सुरक्षेची सेटिंगही बदलू शकतो. त्यामुळे ‘हे सॉफ्टवेअर चांगले आहे का’ हा आयटीचा पहिला प्रश्न नसतो. लॅपटॉपमध्ये नेमके काय येणार आणि कार्यालयातून बाहेर काय जाणार, हे त्यांना हवे असते. परवानगीच्या मेलने याच दोन गोष्टींची उत्तरे द्यायची असतात.

उदाहरणादाखल पुण्याजवळच्या एका कारखान्याचा संपर्क विभाग घेऊ. सुरक्षेचे फलक आता मराठीतून करायचे ठरले आहे. प्रत्येक फलक चार फूट बाय तीन फुटांचा आहे. प्रेझेंटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली आणि छोट्या चित्राच्या रूपात दिलेली चिन्हे एवढी मोठी केली की कडा दातेरी होतात. काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची योग्य सोय चालू केलेली नसते. तिथे जोडाक्षरे फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. ‘किमान’ हा शब्द तसा छापला गेला तर फलक वाचणारा कामगार अडखळतोच. म्हणून त्या विभागातल्या कर्मचाऱ्याला इंकस्केप हवे आहे. ते व्हेक्टर चित्रांचे, म्हणजे रेषांची गणिती नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आहे. त्यातले चित्र कितीही मोठे केले तरी कडा साफ राहतात. युनिकोड फाँट वापरला तर मराठी जोडाक्षरेही त्यात नीट उमटतात.

असा मेल पुष्कळदा असा लिहिला जातो : ‘मला डिझाइनचे एक सॉफ्टवेअर हवे आहे. काम अडले आहे, कृपया लवकर टाकून द्यावे.’ मेल वाचणाऱ्याला यातून कोणते सॉफ्टवेअर, कुठून घ्यायचे, कोणत्या लॅपटॉपवर टाकायचे, पैसे कोण भरणार यातले काहीच कळत नाही. तो चार प्रश्न उलट विचारतो, त्यांची उत्तरे दोन दिवसांनी येतात आणि फलक छापखान्यात जायची तारीख निघून जाते.

तोच मेल पुढीलप्रमाणे लिहिता येतो.

> विषय : संपर्क विभागाच्या लॅपटॉपवर इंकस्केप टाकण्यास परवानगी मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> कारखान्यातील सुरक्षा फलक मराठीतून तयार करायचे आहेत. फलक ४ × ३ फुटांचे असल्याने व्हेक्टर चित्रांचे सॉफ्टवेअर लागेल. कंपनी पोर्टलवर असे सॉफ्टवेअर सध्या उपलब्ध नाही.
>
> त्यासाठी इंकस्केप हे सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर टाकावे, ही विनंती. लॅपटॉपचा मालमत्ता क्रमांक खाली दिला आहे. इन्स्टॉलर inkscape.org या अधिकृत संकेतस्थळावरचाच असावा. सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली आहे, व्यावसायिक वापरासाठीही शुल्क नाही.
>
> फायली लॅपटॉपवर आणि विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये राहतील. ऑनलाइन खाते उघडावे लागत नाही. फलकांत कोणाचीही वैयक्तिक माहिती नाही.
>
> काम दोन महिन्यांचे आहे. त्यानंतर सॉफ्टवेअर काढून टाकले तरी चालेल. विभागप्रमुखांची संमती सोबत जोडली आहे.

यातले एकेक वाक्य कोणत्या तरी प्रश्नाचे आधीच दिलेले उत्तर आहे. त्यांतली तीन वाक्ये जरा सावकाश पाहायला हवीत.

पहिले वाक्य इन्स्टॉलर कुठून घ्यायचा याविषयीचे. २०२२ च्या अखेरीस जिम्प या फोटो सुधारण्याच्या मोफत सॉफ्टवेअरच्या बाबतीत जे घडले ते डिझाइनचे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे. गुगलवर जिम्प शोधले की सगळ्यात वर एक जाहिरात दिसत होती. जाहिरातीत पत्ता gimp.org असाच दिसत होता. क्लिक केल्यावर मात्र gilimp.org ही हुबेहूब दिसणारी नकली साइट उघडत होती. तिथली फाइल जवळपास ७०० एमबीची होती, म्हणजे खऱ्या सॉफ्टवेअरसारखी भारदस्त. प्रत्यक्षात कामाचा भाग पाच एमबीहूनही कमी होता आणि बाकीची नुसती भरताड होती. त्या पाच एमबीत विडार नावाचा चोरटा प्रोग्रॅम होता. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज उचलून बाहेर पाठवणे हे त्याचे काम. ज्याला जिम्प हवे होते त्याने काहीच वावगे केले नव्हते, फक्त शोधात वर आलेल्या दुव्यावर क्लिक केले होते.

हे कार्यालयाच्या लॅपटॉपवर झाले तर गोष्ट एका माणसापुरती राहत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशा सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात. म्हणूनच मेलमध्ये ‘गुगलवर मिळेल’ असे न लिहिता अधिकृत साइटचे नाव द्यावे. दुसऱ्या कुठल्या साइटवरून आधीच उतरवलेली फाइल मेलला जोडून पाठवणे तर टाळावेच. फाइल आयटीने स्वतः उतरवावी आणि पडताळावी. अनेक मोफत प्रकल्प फाइलसोबत तिचा SHA256 आकडा प्रसिद्ध करतात. उतरवलेल्या फाइलचा आकडा पॉवरशेलमध्ये असा काढता येतो :

```
Get-FileHash .\inkscape.msi -Algorithm SHA256
```

फाइलचे नाव जे असेल ते घालायचे. येणारा लांबलचक आकडा साइटवरच्या आकड्याशी एका अक्षरानेही जुळला नाही, तर ती फाइल वापरायची नाही. अर्थात नकली साइटवर आकडाही नकली देता येतो. म्हणून साइटचा पत्ता आधी तपासायचा आणि आकडा नंतर.

दुसरे वाक्य परवान्याचे. ‘फुकट आहे’ एवढे लिहून भागत नाही, कारण बरीच सॉफ्टवेअर आणि त्याहून जास्त फाँट फक्त वैयक्तिक वापरापुरते फुकट असतात. कंपनीच्या कामाला लावले की त्यांचे पैसे लागतात. इंकस्केपच्या जीपीएल परवान्यात अशी अट नाही. फाँटचा प्रश्न मात्र वेगळा राहतो आणि तो मेलमध्ये सहसा विसरला जातो. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ हा देवनागरी फाँट ओपन फाँट लायसन्सखाली आहे, तो कार्यालयीन कामात वापरता येतो. कुणाकडून पेन ड्राइव्हवर आलेल्या फाँटबद्दल असे सांगता येत नाही. चोरीच्या प्रतीचा तर विषयच नको. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. त्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. परवान्याची ओळ वाचताना आयटीच्या मनात ही जबाबदारी असते.

तिसरे वाक्य फायली कुठे राहतील याचे. इंकस्केपच्या बाबतीत उत्तर सोपे आहे : ते इंटरनेटशिवाय चालते आणि फाइल जिथे ठेवाल तिथेच राहते. फिग्मा मागायचे असते तर हाच मेल चालला नसता. फिग्माचे डेस्कटॉप अ‍ॅप लॅपटॉपवर बसते खरे, पण काम त्या कंपनीच्या सर्व्हरवर साठते. तेव्हा मेलमध्ये खाते कार्यालयाच्या ई-मेलवर काढणार की खासगी, फाइलचा दुवा बाहेरच्या कुणाला उघडता येणार का, कर्मचारी नोकरी सोडून गेला तर फायली कोणाच्या ताब्यात राहणार हे सगळे सांगावे लागते. डिझाइनमध्ये कर्मचाऱ्यांचे फोटो, नावे किंवा मोबाइल क्रमांक असतील, तर तेही लिहावे. तो वैयक्तिक डेटा आहे आणि त्यासाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. खासगी जीमेलवर काढलेले खाते ही यातली सर्वांत नेहमीची चूक. माणूस गेला की वर्षभराचे कामही त्याच्यासोबत जाते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. काही अ‍ॅप अ‍ॅडमिनचा पासवर्ड न मागताच बसतात, कारण ती फक्त त्या माणसाच्या AppData फोल्डरमध्ये उतरतात. इंकस्केपचीही इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती मिळते. पासवर्ड मागितला नाही म्हणजे परवानगी आहे, असा त्याचा अर्थ नाही. असे सॉफ्टवेअर आयटीच्या नोंदीत नसते. त्यात पुढे एखादी त्रुटी सापडली, तर ते कोणत्या लॅपटॉपवर आहे हे शोधायलाच वेळ जातो. कित्येक कार्यालयांत ते चालूच दिले जात नाही.

इंकस्केपची मर्यादाही विनंती करणाऱ्याने आधीच सांगितलेली बरी. ते मुळात पडद्यावरच्या आरजीबी रंगांत काम करते. छापखान्याला सीएमवायके फाइल लागत असेल, तर रंग छापखान्यानेच बदलून घ्यायचे की दुसरे सॉफ्टवेअर लागेल, हे छापखान्याला विचारूनच मेल पाठवावा. नाहीतर महिन्याभरात दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी दुसरा मेल लिहावा लागतो.

परवानगी मिळाली की आयटी सहसा दुरून लॅपटॉपशी जोडून किंवा कंपनी पोर्टलवर सॉफ्टवेअर उपलब्ध करून ते बसवते. ती परवानगी त्या सॉफ्टवेअरपुरती आणि त्या लॅपटॉपपुरती असते. इंकस्केपला जोडता येणारी इतरांनी लिहिलेली एक्स्टेन्शन्स पायथॉनमधले स्वतंत्र प्रोग्रॅमच असतात, त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. लॅपटॉप बदलला तर नव्याने विचारावे लागते. साइटवरून उतरवलेले इंकस्केप विंडोजवर स्वतःहून अद्ययावत होत नाही. म्हणून आलेल्या उत्तरात नव्या आवृत्त्या कोण टाकणार याचा उल्लेख आहे का ते पाहावे. नसेल तर त्याच मेलच्या उत्तरात तेवढे विचारून घ्यावे आणि ते मेल जपून ठेवावेत.