एक गाणं, दोन स्पीकर आणि मधले काही मिलिसेकंद

सोसायटीच्या गच्चीवर कोजागरी असली की दोन-तीन घरांतले ब्लूटूथ स्पीकर वर येतात. एखादा दणदणीत, एखादा हातात मावणारा. कुणीतरी बटणं दाबून ते एकमेकांना जोडतं आणि सगळ्यांतून एकच गाणं सुरू होतं. आवाज वाढतो, पण गच्चीच्या काही भागांत गाण्याचे शब्द पुसट होतात आणि तबल्याची थाप दोनदा पडल्यासारखी वाटते. यात कुठलाच स्पीकर बिघडलेला नसतो. एका स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या मागून कानावर येत असतो, आणि तो किती मागून येतो हे साध्या पावलांनी मोजता येतं.

अशा जोडणीचे दोन प्रकार आहेत. जेबीएल कंपनीचं उदाहरण घेऊ. तिच्या चार्ज ५ आणि फ्लिप ६ या स्पीकरांवर पार्टीबूस्टचं बटण असतं. ते दोन्हींवर दाबलं की मॉडेल वेगळं असूनही दोघे एकत्र वाजतात आणि त्यांत आणखी स्पीकरही जोडता येतात. हा पार्टी मोड. यात प्रत्येक स्पीकर संपूर्ण गाणं वाजवतो. स्टिरिओ जोडीत मात्र गाण्याची डावी बाजू एका स्पीकरला आणि उजवी दुसऱ्याला जाते. तिथे दोनच स्पीकर चालतात आणि ते एकाच मॉडेलचे असावे लागतात. फ्लिप ६ ची जोडी दुसऱ्या फ्लिप ६ शीच जमते.

ही अट विनाकारण नाही. स्टिरिओत गायिका मधोमध उभी असल्याचा भास होतो, कारण तिचा आवाज दोन्ही स्पीकरांतून एकाच वेळी आणि सारख्याच जोराने येतो. एक स्पीकर फक्त १ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, मागे पडला तरी गायिका मधली जागा सोडून जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या स्पीकरकडे सरकते. मॉडेल एकच असेल तर आतली चिप, सॉफ्टवेअर आणि आवाजाचा पोतही एकच असतो. त्यामुळे दोघांना लागणारा वेळही सारखा येतो.

मिश्र मॉडेलांत ती खात्री नसते. फोन गाणं मुख्य स्पीकरकडे पाठवतो आणि तिथून ते इतरांकडे जातं. प्रत्येक स्पीकर आलेले तुकडे आधी थोडे साठवतो, मग उलगडतो, मग आपल्या आकाराला झेपेल असा खर्ज-तार बदल करून वाजवतो. या कामाला मोठ्या मॉडेलला एक वेळ लागतो आणि छोट्याला दुसरा. मुख्य स्पीकरने इतरांसाठी नेमकं तेवढंच थांबावं अशी योजना असते, पण हिशेब थोडा चुकला तरी फरक उरतो. त्यात प्रत्येक स्पीकरमधलं घड्याळ किंचित वेगळ्या गतीने चालतं. दहा लाखांत ४० इतकाच फरक धरला आणि कुणी तो दुरुस्त करत राहिलं नाही, तर तासाभरात दोन स्पीकरांत १४४ मिलिसेकंदांचं अंतर पडेल. म्हणून जोडलेले स्पीकर एकमेकांची वेळ सतत जुळवत असतात. गर्दीत ब्लूटूथच्या लहरी माणसांच्या अंगात शोषल्या जातात, तुकडे हरवतात, आणि ही जुळणी अडखळू लागते.

शिवाय हवेतला उशीर असतोच. ध्वनीला १ मीटर कापायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. १७ मीटर लांबीच्या गच्चीच्या एका टोकाला चार्ज ५ आणि दुसऱ्या टोकाला फ्लिप ६ ठेवला, तर दोघे अगदी एकाच क्षणी वाजले तरी चार्जपाशी उभ्या असलेल्या माणसाला फ्लिपचा आवाज ५० मिलिसेकंद उशिरा ऐकू येणार. आता फ्लिप मुळातच ३० मिलिसेकंद मागे आहे असं धरू. मग चार्जपाशी तो ८० मिलिसेकंद मागून येईल. उलट फ्लिपपाशी चार्जचा आवाज फक्त २० मिलिसेकंद मागे राहील. म्हणजे एकाच गच्चीवर एका टोकाला सगळं ठीक वाटतं आणि दुसऱ्या टोकाला गोंधळ, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी बरोबरच सांगत असतात.

कान यातलं बरंच सांभाळून घेतो. हेल्मुट हास या जर्मन अभ्यासकाने १९४९ साली ग्योटिंगेन विद्यापीठातल्या प्रबंधात दाखवलं, की एकच आवाज थोड्या उशिराने पुन्हा आला तर माणसाला दोन आवाज ऐकू येत नाहीत. एकच ऐकू येतो, आणि तो आधी पोचलेल्या दिशेकडून आल्यासारखा वाटतो. साधारण ३० मिलिसेकंदांपर्यंत हे बिनबोभाट चालतं. ५० च्या पुढे बोलणं दुहेरी होऊ लागतं. ताल वाजवणाऱ्या वाद्यांत दुहेरीपणा त्याआधीच जाणवतो.

नेमका फरक काढायचा असेल तर गाणं थांबवून फोनवर मेट्रोनोमची टिकटिक लावावी, मिनिटाला ६० ठोके. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, बरोबर मध्यावर उभं राहावं. एकच टिक आली तर जुळणी चांगली आहे. दोन आल्या तर मागून येणाऱ्या स्पीकरच्या दिशेने हळूहळू चालावं, दोन्ही टिका एक होईपर्यंत. एकीकडे १ मीटर सरकलं की एक वाट १ मीटरने कमी होते आणि दुसरी तेवढीच वाढते, म्हणून प्रत्येक मीटरमागे सुमारे ६ मिलिसेकंद भरून निघतात. पाच मीटर चालावं लागलं तर फरक ३० च्या आसपास. या गच्चीवर फ्लिपपर्यंत पोचूनही टिका एक झाल्या नाहीत, तर उशीर ५० हून जास्त आहे. तेव्हा जोडणी तोडून पुन्हा करावी आणि दोन्ही स्पीकरांचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का ते पाहावं.

उरलेला उशीर कामालाही लावता येतो. मोठ्या मैफलींत मागच्या प्रेक्षकांसाठी मैदानाच्या मध्यात खांबांवर स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम रोखून धरतात, म्हणजे मंचावरचा आवाज तिथे पोचल्यावर ते वाजतात. गच्चीवरही दोन्ही स्पीकर समोरासमोर ठेवण्याऐवजी फोनशी जोडलेला मोठा एका टोकाला ठेवावा आणि मागे पडणारा छोटा त्याच्यापुढे दहाएक मीटरवर, त्याच दिशेला तोंड करून. ते ३० मिलिसेकंद दहा मीटरच्या वाटेत जिरतात.

काही ठिकाणी मात्र ही युक्ती चालत नाही. माइकवर गाणाऱ्याला आपलाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि ताल सुटतो, कारण ब्लूटूथचा मूळ उशीरच अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंदांचा असतो. कॅरिओकेसाठी वायरच हवी. चित्रपट बघताना काही ॲप चित्र थोडं मागे ठेवून ओठ आणि शब्द जुळवतात, पण गेममध्ये तसं करायला वाव नसतो.

नव्या स्पीकरांत ऑराकास्ट ही ब्लूटूथची पद्धत आली आहे. तिच्यात पाठवणारा एकाच वेळी सर्वांना ध्वनी प्रसारित करतो आणि तो नेमका केव्हा वाजवायचा हेही कळवतो. लवकर तयार झालेला स्पीकर त्या क्षणापर्यंत थांबतो. पण जेबीएलचे चार्ज ६ आणि फ्लिप ७ ऑराकास्टचे आहेत, चार्ज ५ आणि फ्लिप ६ पार्टीबूस्टचे, आणि या दोन पिढ्या एकमेकींशी जुळत नाहीत. घरातल्या जुन्या स्पीकरला सोबती घ्यायचा असेल तर दुकानात मॉडेलच्या नावापेक्षा खोक्यावर छापलेली जोडणीची पद्धत आधी वाचावी. आणि संध्याकाळी एका जागी बसून गाणी ऐकायची असतील, तर जोडीला त्याच मॉडेलचा दुसरा स्पीकर घेऊन स्टिरिओ करणं अधिक सुखाचं.