गावचा ग्राहक आणि दहा दिवसांचा दुधाचा पगार

गावात माल विकायची योजना शहरातल्या बैठकीत आखली जाते तेव्हा एक वाक्य हमखास निघतं: गावात स्वस्तातलं खपतं. पुरावा म्हणून शाम्पूची पुडी पुढे केली जाते. १९८०च्या दशकात तमिळनाडूतल्या चिक शाम्पूने पुडीचा धंदा मोठा केला आणि पुढे सगळ्यांनीच तो उचलला, हे खरं. पण पुडीवरून ग्राहकाला हलका माल चालतो असा अर्थ काढणं चूक आहे. रुपयाची पुडी साधारण पाच-सहा मिलीची असते, म्हणजे शंभर मिलीला वीस रुपयांच्या आसपास पडते. त्याच नावाच्या बाटलीवरची किंमत आणि मिली बघून भागाकार करा. बाटली बहुतेक वेळा कितीतरी महाग पडते. पुडी घेणारी बाई नामांकित कंपनीचाच माल घेते, आणि तोही हिशेबाने. हीच पुडी मुंबईतल्या चाळीत आणि पुण्यातल्या वसतिगृहातही खपते.

गाव आणि शहर यांतला खरा फरक माणसाच्या आवडीत किंवा समजुतीत नाही. पैसा हातात केव्हा येतो आणि वस्तू बिघडली तर कोण जबाबदारी घेतो, या दोन गोष्टींत तो आहे. या दोन्ही नीट न बघितल्यामुळेच बाकीचे गैरसमज टिकून राहतात.

‘गावात जाहिरात पोचत नाही’ हा त्यातला सर्वांत जुना. कधीकाळी त्यात तथ्य होतं. २०१४च्या सुमारास हिंदुस्थान युनिलिव्हरने बिहार-झारखंडमध्ये ‘कान खजुरा तेसन’ चालवलं. एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येऊन गाणी, विनोद आणि मधूनमधून जाहिराती ऐकवल्या जायच्या. वीज आणि टीव्ही यांचा भरवसा नव्हता, पण साधा मोबाइल हातात होता, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. २०१६मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि चित्र पालटलं. आज गावात यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅप सर्रास आहे. वेळा मात्र शहराच्या नाहीत. शहरातला माणूस लोकलमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत फोन बघतो. महाराष्ट्रात शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळत आलेली आहे. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या विजेत दारं धरायला गेलेला माणूस बांधावर तासन् तास जागा असतो आणि हातात फोन असतो. सौर पंप आणि दिवसा वीज देण्याच्या योजना वाढतील तशी ही वेळही सरकेल. तेव्हा ‘रात्री नऊनंतर गाव झोपतं’ असं धरून आखलेलं वेळापत्रक आधी तालुक्यातल्या विजेच्या पाळ्यांशी ताडून बघायला हवं.

पण जाहिरात दिसली म्हणजे वस्तू विकली गेली, असंही नाही. इथे विश्वासाचा प्रश्न येतो आणि ‘गावचा माणूस भोळा, ओळखीच्या चेहऱ्याला भुलतो’ हा समज पार उघडा पडतो.

विहिरीवरच्या मोटारीचंच घ्या. नवी पाणबुडी मोटार घ्यायची ठरली की शेतकरी फोनवर चार व्हिडिओ बघतो, पण शेवटी जातो तो तालुक्याच्या वाइंडिंगवाल्या मिस्त्रीकडे. का, तर जळालेल्या मोटारी उघडून बघणारा तोच. कोणत्या मोटारीत तांब्याची तार चांगली आहे, कोणती कमी दाबाच्या विजेवर टिकते, कोणत्या कंपनीचे सुटे भाग इथेच मिळतात आणि कोणत्याला पुण्याहून मागवावे लागतात, हे त्याला हाताने माहीत असतं. एप्रिलमध्ये मोटार जळली आणि दुरुस्तीला आठ दिवस लागले, तर उभा ऊस किंवा भाजीपाला वाळतो. म्हणून दोन हजार रुपये जास्त पडले तरी चालतील, पण दुरुस्ती जवळ हवी, हा चोख हिशेब आहे. त्यात भोळेपणा कुठे आला?

बियाण्याचंही तसंच. ‘कुणाच्या रानात लावलंय?’ हा पहिला प्रश्न. आपल्यासारखीच जमीन, आपल्यासारखंच पाणी असलेल्या माणसाचा प्लॉट डोळ्यांनी बघितल्यावर पुढची बोलणी. शहरात हेच काम ऑनलाइन दुकानावरचे तारे आणि दहा दिवसांत परत करायची सोय करते. तिथे चुकलं तर वस्तू परत जाते. बियाणं चुकलं तर हंगाम परत येत नाही. त्यामुळे कृषी सेवा केंद्राच्या मालकाचा शब्द जाहिरातीपेक्षा जड ठरतो. तो पिकापर्यंत उधारी थांबवतो, म्हणजे पीक येण्यात त्याचाही पैसा अडकलेला असतो. अर्थात या नात्याला दुसरी बाजू आहे: उधारीत असलेल्या माणसाला तो देईल ते औषध घ्यावं लागतं. एखादा माल एका केंद्रात फार खपतो, पण पाच किलोमीटरवरच्या गावात रोखीने घेणारे त्याला हात लावत नाहीत, असं दिसलं तर तो विश्वास नसून उधारीचा दाब आहे, असं समजावं.

खरेदीच्या मुहूर्तांबद्दलचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. ‘गाव दिवाळी-दसऱ्याला खरेदी करतं’ असं धरून राज्यभर एकच योजना लावली जाते. समजा, दोन घरांना फ्रिज विकायचा आहे आणि हप्ता महिन्याला दीड हजार आहे.

पहिलं घर सांगलीकडचं, दोन संकरित गाईंचं. दिवसाला १८ लिटर दूध, लिटरला ३० रुपये, म्हणजे दहा दिवसांचं बिल ५,४००. डेअरीतूनच घेतलेल्या पशुखाद्याचे ३,४०० त्यातून कापले जातात. हातात २,०००, महिन्यातून तीनदा. हे घर हप्ता फेडू शकतं, पण पाचशे-पाचशेच्या तीन तुकड्यांत आणि बिलाच्या दिवशी. बँकेने पाच तारखेला एकदम दीड हजार कापायचे ठरवले, तर खात्यात पैसे नसतील आणि दंड बसेल. माणूस बुडव्या नाही, तारीख चुकीची आहे. याच घरचा ऊस असेल तर मोठी रक्कम कारखान्याकडून येते. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे देण्याचं कायद्याने बंधन आहे, पण ते लांबतात, म्हणून शहाणा दुकानदार ऊस तुटल्याची नाही, बिल जमा झाल्याची वाट बघतो.

दुसरं घर लातूरकडचं, तीन एकर कोरडवाहू सोयाबीन. एकरी आठ क्विंटलने २४ क्विंटल, ४,३०० भावाने लाखाच्या थोडे वर. केंद्राची उधारी ३०,००० आणि कापणी-मळणीचे २०,००० वजा जाता पन्नासेक हजार उरतात. तेही हरभऱ्याची काढणी होईपर्यंत पुरवायचे. दिवाळीत हे घर आठ हजार रोख देऊ शकतं, पण जून-जुलैत, पेरणीच्या तोंडावर, दीड हजार देणं त्याला अशक्य आहे. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते असतात ते याचसाठी. फ्रिजला मात्र पगारदाराचा मासिक हप्ता लावतात आणि मग ‘मराठवाड्यात वसुली होत नाही’ म्हणून शेरा मारतात.

शेतमजूर घराचं गणित आणखी वेगळं. मजुरी बऱ्याच ठिकाणी आठवडी बाजाराच्या दिवशी मिळते आणि तेल, साबण, चहापत्ती त्याच दिवशी घेतली जाते. बाजार बुधवारी असेल तर मंगळवारी संध्याकाळपर्यंत दुकानात लहान पाकिटं पोचलेली हवीत. विक्रेत्याची गाडी गुरुवारी येत असेल, तर त्या आठवड्याची विक्री दुसऱ्याच्या मालाने केलेली असते.