पगार कमी आला? मे आणि जूनच्या स्लिपा शेजारी ठेवा, मग विचारा

अकोला (जुने शहर) : पगार झाला की मोबाईलवर मेसेज येतो आणि आपण एकच आकडा पाहतो, हातात किती आले. आकडा कमी दिसला की डोकं गरम होतं, ऑफिसात जाऊन "पगार का कापला?" असं विचारलं जातं, आणि समोरून उत्तर येतं, "सुट्ट्या झाल्या असतील." विषय तिथंच संपतो. कारण आपला प्रश्नच मोघम असतो. कोणत्या ओळीत किती रुपये बदलले ते सांगितलं, तर अकाउंटवाल्याला त्या ओळीचंच उत्तर द्यावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. जुन्या शहरातला एक तरुण एमआयडीसीत कामाला आहे. 2025 च्या मे महिन्यात त्याच्या हातात 14,825 रुपये आले आणि जूनमध्ये 12,614. म्हणजे 2,211 रुपये कमी. 7 जूनला बकरी ईद होती, दुसऱ्या दिवशी रविवार, आणि 9 व 10 जूनची दोन दिवसांची रजा त्याने अर्ज देऊन घेतली होती. घरच्यांना वाटलं, दोन दिवस खाडा झाला म्हणून पगार कापला. पण दोन दिवसांच्या खाड्याचे 2,211 रुपये होतात का?

स्लिपवर सगळ्यात आधी रुपये पाहू नका, हजेरीचे दिवस पाहा. मेच्या स्लिपवर 31 पैकी 31 दिवस होते, जूनच्या स्लिपवर 30 पैकी 28. दिवस कमी झाले की मूळ पगार, घरभाडं, धुलाई भत्ता सगळंच त्या प्रमाणात खाली येतं. त्यामुळे या ओळींबद्दल वेगवेगळी तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण एकच आहे. या तरुणाचं मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून 15,000 होते, ते 14,000 झाले. घरभाडं 750 चं 700 झालं, धुलाई भत्ता 300 चा 280. तिन्ही मिळून 1,070 रुपये. तीसने भागून अठ्ठावीसने गुणलं की आकडे बरोबर जुळतात, म्हणजे हिशोबात चूक नाही. प्रश्न वेगळाच आहे. रजा शिल्लक होती आणि मंजूरही झाली होती, मग ती बिनपगारी का लागली?

आता वरच्या भागात अजून एक ओळ पाहा. मेमध्ये रात्रपाळीचा भत्ता 900 रुपये होता, दहा रात्रींचे, रात्रीला 90 प्रमाणे. जूनच्या स्लिपवर ती ओळच नाही. इथेच माणूस फसतो. कमी झालेला आकडा डोळ्यांना दिसतो, पण गायब झालेली ओळ दिसत नाही. म्हणून जुन्या स्लिपवरची एकेक ओळ वाचायची आणि ती नव्या स्लिपवर शोधायची. उलट केलं, म्हणजे नवी स्लिप वाचत जुन्यात शोधलं, तर जे गेलं ते सापडणारच नाही. जूनमध्येही त्याने दहा रात्री केल्या होत्या आणि तारखा त्याने डायरीत लिहून ठेवल्या होत्या.

मग कपातीचा भाग. मेमध्ये पीएफ 1,800, ईएसआय 125 आणि व्यवसाय कर 200 होता. जूनमध्ये पीएफ 1,680 आणि ईएसआय 111. हे कमी झालेलं पाहून खूश व्हायचं कारण नाही. पीएफ मूळ वेतन आणि महागाई किंवा विशेष भत्त्याच्या 12 टक्के कापतात. 14,000 चे 12 टक्के 1,680, बरोबर. ईएसआयला कामगाराकडून पाऊण टक्का जातो आणि पैसे निघाले तर पुढचा पूर्ण रुपया धरतात. धुलाई भत्ता त्यात मोजत नाहीत. 14,700 वर 110 रुपये 25 पैसे येतात, म्हणून 111. दोन्ही ठीक.

जूनमध्ये दोन ओळी नव्या आल्या. एक 25 रुपयांची, कामगार कल्याण निधीची. ती विचारायची गरज नाही. महाराष्ट्रात हा निधी वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापतात. अशा काही कपाती कॅलेंडरप्रमाणे येतात. व्यवसाय कर दर महिन्याला 200 असतो, पण फेब्रुवारीत 300 कापला जातो, कारण वर्षाचे 2,500 पूर्ण करायचे असतात. (महिलांना महिना 25,000 पर्यंत पगार असेल तर हा कर नाही. घरातल्या बहिणीच्या, बायकोच्या स्लिपवर तो कापलेला दिसला तर जरूर विचारा.) ईएसआयचंही तसंच आहे. मध्येच पगार 21,000 च्या वर गेला तरी सप्टेंबर किंवा मार्च संपेपर्यंत कपात चालूच राहते.

दुसरी नवी ओळ होती "इतर कपात 350". आता "इतर" म्हणजे काय? उचल घेतली होती का, बूट-गणवेशाचे पैसे का, की दंड? दंड असेल तर कामगाराला आधी आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि दंड त्या महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही. म्हणून या ओळीबद्दल "परत द्या" असं न लिहिता आधी "कशाची आहे" असं लिहिलेलं बरं. कदाचित आपणच घेतलेली उचल विसरलो असू.

एवढं झाल्यावर विचारायच्या गोष्टी तीनच उरतात. त्या तरुणाने अर्ज असा लिहिला :

"जून 2025 च्या वेतन स्लिपबाबत खुलासा मिळावा. (1) 9 व 10 जूनची रजा मंजूर असून बिनपगारी दाखवली आहे, त्यामुळे एकूण वेतन 1,070 रुपयांनी कमी झाले. (2) रात्रपाळी भत्ता मे महिन्यात 900 होता, जूनमध्ये नाही. दहा रात्रींच्या तारखा सोबत जोडल्या आहेत. (3) इतर कपात 350 रुपये, मे महिन्यात नव्हती, ती कशाची आहे ते कळवावे. मे व जूनच्या स्लिपा आणि रजा अर्जाची प्रत जोडली आहे."

नाव, तिकीट नंबर, तारीख, सही. बस. दोन प्रती काढून एका प्रतीवर पोच घेतली. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तरी हाच मजकूर पाठवावा. व्हॉइस मेसेज नको, त्यातले आकडे नंतर कोणाला सापडत नाहीत.

एक हिशोब आधीच करून ठेवावा. तिन्ही गोष्टी मान्य झाल्या तर 1,070, 900 आणि 350 मिळून 2,320 रुपये होतात, पण हातात तेवढे येणार नाहीत. पगार पूर्ण झाला की पीएफ पुन्हा 1,800 होईल आणि ईएसआय 125. ते 134 रुपये वजा जाऊन 2,186 मिळतील. हे माहीत नसलं की पुढच्या स्लिपवर फरकाची रक्कम पाहून "पुन्हा कापले" असा नवा वाद सुरू होतो.

स्लिपवर पीएफ कापलेला दिसला म्हणजे तो जमा झालाच असं नाही. मालकाने तो पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. म्हणून जूनच्या कपातीसाठी जुलैच्या शेवटी यूएएन टाकून पासबुक उघडा आणि कामगाराच्या हिश्श्यात 1,680 दिसतात का ते पाहा. दिसले नाहीत तर तो अर्जातला चौथा मुद्दा, आणि त्याची दाद पीएफ कार्यालयात मागता येते. बाकी तीन मुद्द्यांवर ऑफिसाने लेखी उत्तर दिलंच नाही, तर पोच असलेली प्रत आणि दोन्ही स्लिपा घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जावं.